हिरवा बाण आणि पंचांग

समजा, येवल्यात पैठणीचं एक दुकान आहे. वडिलांच्या काळात गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढून यायचं. आता बरीचशी विक्री वेबसाइटवरून होते आणि तिच्या जाहिराती पुण्यातली एक एजन्सी सांभाळते. नोव्हेंबर 2024 च्या पहिल्या आठवड्यात एजन्सीचा मासिक रिपोर्ट येतो. पहिल्याच पानावर वर जाणारा हिरवा बाण आणि शेजारी ठळक आकडे: ऑक्टोबर 2023 मध्ये 250 ऑर्डरी, ऑक्टोबर 2024 मध्ये 400. वाढ 60 टक्के. मालक खूश होतो. शेवटच्या पानावर बजेट वाढवण्याची शिफारस असते, तिलाही तो होकार देऊन टाकतो.

दुकान काल्पनिक आहे आणि ऑर्डरींचे आकडे समजावून सांगण्यापुरते घेतलेले आहेत. तारखा मात्र खऱ्या आहेत, आणि सगळी गोम त्या तारखांतच आहे.

2023 साली पितृपक्ष 14 ऑक्टोबरला, सर्वपित्री अमावास्येला संपला. म्हणजे ऑक्टोबरचे पहिले चौदा दिवस पितृपंधरवड्यातले. त्या दिवसांत नवी पैठणी कोण घेतं? 15 ला घटस्थापना, 24 ला दसरा आणि लक्ष्मीपूजन थेट 12 नोव्हेंबरला. 2024 मध्ये सर्वपित्री अमावास्या 2 ऑक्टोबरलाच होऊन गेली. 3 ला घटस्थापना, 12 ला दसरा, 29 ला धनत्रयोदशी आणि 1 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. अख्खा सणासुदीचा बाजार त्या एका ऑक्टोबरमध्ये बसला. रिपोर्टने शेजारी शेजारी ठेवलेले दोन महिने नावाने सारखे होते. बाजाराच्या हिशेबाने त्यातला एक अर्धा सुतकी होता आणि दुसरा जवळजवळ पूर्ण दिवाळीचा.

आता हाच हिशेब पंचांग पुढ्यात घेऊन मांडायचा. घटस्थापना ते लक्ष्मीपूजन हा पट्टा 2023 मध्ये 29 दिवसांचा होता, 2024 मध्ये 30 दिवसांचा. पहिल्या पट्ट्यात दुकानाला 400 ऑर्डरी आल्या असं धरू, दुसऱ्यात 415. दिवसाचा सरासरी हिशेब काढला तर दोन्ही वर्षी पावणेचौदाच्या आसपासच. 60 टक्क्यांची वाढ गेली कुठे? ती कधी नव्हतीच. 2023 मध्ये नोव्हेंबरच्या पहिल्या बारा दिवसांत झालेली विक्री 2024 मध्ये कॅलेंडरवर मागे सरकून ऑक्टोबरमध्ये आली, एवढंच घडलं होतं.

खर्च पाहिला की चित्र आणखी बदलतं. पहिल्या पट्ट्यात जाहिरातीला 1 लाख रुपये गेले होते, म्हणजे एका ऑर्डरीमागे 250. दुसऱ्यात 1 लाख 32 हजार 800 गेले, म्हणजे ऑर्डरीमागे 320. ज्या हंगामाचा हिरवा बाण मालकाने कौतुकाने पाहिला, त्या हंगामात एक गिऱ्हाईक आणण्याचा खर्च 28 टक्क्यांनी वाढला होता.

या रिपोर्टमध्ये खोटा आकडा एकही नाही. कुणी तो ऑडिटरपुढे ठेवला तरी 250 आणि 400 दोन्ही बरोबर निघतील. जाहिरातींच्या रिपोर्टमधली लबाडी बहुतेक वेळा अशीच असते: आकडे खरे आणि त्यांची चौकट सोयीची. बरं, दर वेळी ती लबाडी असते असंही नाही. रिपोर्ट बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मागच्या वर्षीचा तोच काळ’ अशी तयार खूण असते, ती दाबली की इंग्रजी तारखांची तुलना आपोआप होते. सॉफ्टवेअरला पितृपक्ष माहीत नाही. एजन्सीतल्या माणसाला मात्र माहीत असतो, निदान येवल्याच्या दुकानाचं काम घेतलेल्या एजन्सीला तो असायला हवा.

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असतं, म्हणून आपले सण दर वर्षी तेवढे अलीकडे येतात. मग अधिक मास येतो आणि सगळं एकदम पुढे ढकलतो. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, त्यामुळे त्या वर्षीची दिवाळी उशिरा आली. कापड, सोनं, मिठाई, गाड्या, मंगल कार्यालयं, यांपैकी कोणत्याही धंद्यात ‘गेल्या वर्षीचा हाच महिना’ ही तुलना पंचांग न पाहता केली तर ती बरोबर यायची शक्यता कमीच. गुढीपाडवा 2024 मध्ये 9 एप्रिलला होता आणि 2025 मध्ये 30 मार्चला. ज्याला मार्च 2025 ची वाढ दाखवायची होती त्याला काही करावंच लागलं नाही.

सोयीच्या तारखांचा दुसरा प्रकार याहून अवघड, कारण त्यात पंचांग कामाला येत नाही. मालक एजन्सी कधी बदलतो? धंदा मंदावला की. नवी एजन्सी येते ती अशा तळाच्या महिन्यात, आणि तिचा पहिला रिपोर्ट त्याच महिन्याशी तुलना करतो. पण विक्री तळाला गेली की पुढे ती बरेचदा आपल्या नेहमीच्या पातळीकडे परततेच, मग जाहिरात कुणीही करो. ताप सर्वांत चढलेला असताना डॉक्टर बदलला आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला, तर श्रेय नव्या डॉक्टरला मिळतं. इथे तसंच होतं. यावर उपाय एकच: दोन महिन्यांचे दोन खांब न पाहता निदान 25 महिन्यांची एक सलग रेषा पाहायची. त्या रेषेवर तळाचा महिना तळाचाच दिसतो आणि ‘दुप्पट वाढ’ म्हणजे पूर्वपदावर येणं आहे की खरोखर पुढे जाणं आहे, ते नुसत्या नजरेने कळतं.

एक बारकावा गुगलच्या जाहिरातींचा आहे आणि तो अनेक प्रामाणिक माणसांनाही चकवतो. पैठणी म्हणजे शंभर रुपयांची वस्तू नव्हे. बाई आज जाहिरातीवर क्लिक करते, घरात विचारते, सासूला फोटो पाठवते आणि बाराव्या दिवशी ऑर्डर देते. गुगल अ‍ॅड्सचा मुख्य आकडा ही ऑर्डर बाराव्या दिवशी मांडत नाही, क्लिकच्या दिवशी मांडतो. त्यासाठी मूळ मुदत 30 दिवसांची असते. त्यामुळे कालचा आठवडा आज नेहमीच रोडावलेला दिसतो, आणि महिन्याभराने पुन्हा उघडला तर त्याचाच आकडा फुगलेला असतो. ज्याला गेला आठवडा वाईट दाखवायचा आहे त्याने तो लगेच पाहावा. ज्याला चांगला दाखवायचा आहे त्याने थांबावं. रिपोर्टवर ‘हे आकडे अमुक तारखेला काढले’ असं एक वाक्य असलं की ही पळवाट बंद होते. ऑर्डर खरोखर ज्या दिवशी आली त्या दिवसाचा हिशेब हवा असेल तर Conversions (by conv. time) नावाचा वेगळा रकाना तिथेच मिळतो, फक्त तो कुणीतरी मागावा लागतो.

तारखांनंतर येतात मिरवण्याचे आकडे. इंग्रजीत त्यांना व्हॅनिटी मेट्रिक्स म्हणतात. लग्नपत्रिकेवरची प्रेषकांची लांबलचक यादी जशी, तसे हे असतात. भारदस्त दिसतात, पण त्यावरून जेवायला किती पानं मांडायची ते ठरत नाही. ‘तुमची जाहिरात 12 लाख वेळा दिसली’ हा त्यातला सर्वांत लाडका. दिसली म्हणजे काय? जाहिरात उद्योगाच्या प्रचलित मोजमापात पडद्यावरची साधी जाहिरात ‘दिसण्याजोगी’ धरायला तिचा निम्मा भाग एक सेकंद पडद्यावर असला की पुरतो. व्हिडिओला दोन सेकंद. माणसाने तिच्याकडे पाहिलं की नाही, हा प्रश्न त्यात येतच नाही.

या बाबतीत सर्वांत बोलकं उदाहरण खुद्द फेसबुकचं आहे. सप्टेंबर 2016 मध्ये कंपनीने मान्य केलं की जाहिरातदारांना दाखवला जाणारा ‘व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला गेला’ हा आकडा सुमारे दोन वर्षं चुकीचा निघत होता. चूक शाळेतल्या सरासरीच्या गणितातली होती. पाहण्याचा वेळ सगळ्या प्रेक्षकांचा धरला जात होता, पण तो भागताना भाजक म्हणून फक्त तीन सेकंदांहून जास्त थांबलेली माणसं घेतली जात होती. दहा माणसं घ्या. सात जण एका सेकंदात पुढे सरकले, तिघांनी प्रत्येकी 20 सेकंद पाहिलं. एकूण 67 सेकंद. दहाने भागले तर सरासरी 6.7 सेकंद. तिघांनीच भागले तर 22 सेकंदांहून जास्त. पहिला आकडा पाहून जाहिरातदार म्हणेल की व्हिडिओ चालला नाही. दुसरा पाहून तो आणखी चार व्हिडिओ बनवायला सांगेल. एका मोठ्या जाहिरात समूहाला कंपनीने सांगितलं की हा आकडा 60 ते 80 टक्क्यांनी फुगला असावा. जाहिरातदार कोर्टात गेले, फुगवटा त्याहून कितीतरी मोठा असल्याचा दावा त्यांनी केला, आणि 2019 मध्ये 4 कोटी डॉलरवर तडजोड झाली. कंपनीने गैरकृत्य मान्य केलं नाही.

यातून येवल्याच्या मालकाने घ्यायचा मुद्दा छोटा आणि कामाचा आहे. रिपोर्टमध्ये सरासरी किंवा टक्का दिसला की विचारायचं: कशाला कशाने भागलं? ‘क्लिक’ शब्दाचंही तसंच. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या जाहिरात खात्यात Clicks (all) आणि Link clicks असे दोन वेगळे रकाने आहेत. पहिल्यात फोटो मोठा करून पाहणं, लाइक करणं, ‘आणखी वाचा’ दाबणं हे सगळं मोजलं जातं; दुसऱ्यात दुव्यावर दाबणं. आणि दुव्यावर दाबलेल्यांपैकीही पान उघडेपर्यंत थांबतात ते आणखी कमी, त्यांच्यासाठी Landing page views हा तिसरा रकाना आहे. रिपोर्टात नुसतं ‘क्लिक’ लिहिलं असेल आणि आकडा घसघशीत असेल, तर तो बहुधा पहिल्या रकान्यातला असतो.

दिसण्याचे आणि पाहण्याचे आकडे निरुपयोगी आहेत असं मात्र नाही. नवं दुकान लोकांच्या नजरेत आणायचं असेल, निवडणूक असेल, नाटकाचा शुभारंभाचा प्रयोग असेल, तर किती माणसांपर्यंत गोष्ट पोहोचली हेच पाहायचं असतं. खोट तेव्हा येते जेव्हा करार विक्रीसाठी झालेला असतो आणि विक्री हलली नाही म्हणून रिपोर्टमध्ये व्ह्यू पहिल्या पानावर सरकतात. मागचे तीन रिपोर्ट शेजारी ठेवून पहिल्या पानावरचा आकडा दर महिन्याला बदलतो का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

आता सर्वांत अवघड भाग: ऑर्डर आली खरी, पण ती आणली कुणी?

पैठणीच्या दुकानाला त्या 30 दिवसांत 415 ऑर्डरी आल्या. फेसबुक-इन्स्टाग्रामचं खातं म्हणतं, त्यातल्या 260 आम्ही आणल्या. गुगलचं खातं म्हणतं, 240 आम्ही. बेरीज 500. दुकानाच्या वहीत 415 आणि त्यातही जुनी गिऱ्हाइकं, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या मैत्रिणी आणि शेजारणी आहेत. दोन्ही कंपन्या खोटं बोलत नाहीत. दोघी आपापल्या नियमाने मोजतात. फेसबुकचा मूळ नियम असा की जाहिरातीवर क्लिक केल्यापासून सात दिवसांत किंवा ती नुसती दिसल्यापासून एका दिवसात खरेदी झाली, तर श्रेय जाहिरातीचं. जी बाई सकाळी इन्स्टाग्रामवर जाहिरात ओलांडून गेली आणि संध्याकाळी गुगलवर दुकान शोधून खरेदी करून मोकळी झाली, ती दोन्ही खात्यांत पूर्ण एक ऑर्डर म्हणून जमा होते. एका लग्नाचं मध्यस्थीचं श्रेय दोन आत्यांनी घ्यावं, तशातला प्रकार. शिवाय घरपोच पैसे देण्याच्या ऑर्डरींपैकी काही पार्सलं दारावरूनच परत येतात. तशी 55 परत आली असं धरलं तर हातात 360 राहतात, आणि ऑर्डरीमागचा खर्च 320 वरून 369 रुपयांवर जातो. परत आलेलं पार्सल जाहिरातीच्या खात्यातून आपोआप वजा होत नाही, ते कुणीतरी वहीशी ताडून काढावं लागतं.

श्रेयाच्या प्रश्नावर सर्वांत प्रसिद्ध प्रयोग ईबे या कंपनीने केला. 2012 च्या मार्चमध्ये तिथल्या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेत काही शोध-संकेतस्थळांवर ‘ईबे’ या नावाच्याच शोधावर येणाऱ्या जाहिराती बंद केल्या आणि गुगलवर तुलनेसाठी चालू ठेवल्या. जाहिरातीमुळे येणारे जे क्लिक बुडायला हवे होते, त्यांतले 99.5 टक्के लगेच खालच्या फुकट दुव्यावरून आले. ज्याने शोधात दुकानाचं नावच टाकलं आहे तो दुकानात येणारच होता. जाहिरात फक्त दारात उभी राहून त्याच्या हातात पावती देत होती. थॉमस ब्लेक, ख्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांचा हा अभ्यास 2015 मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’त छापून आला. त्यात दुसरीही गोष्ट आढळली: इतर शब्दांवरच्या जाहिरातींचा उपयोग नव्या आणि क्वचित येणाऱ्या गिऱ्हाइकांवर झाला, नेहमीच्यांवर नाही.

म्हणून रिपोर्टमध्ये स्वतःच्या नावाच्या शोधावरच्या जाहिराती वेगळ्या ओळीत मागाव्यात. त्या ओळीचा परतावा नेहमी डोळे दिपवणारा असतो, आणि तो बाकीच्या सरासरीत मिसळला की साधारण कामही उत्तम दिसतं. मात्र ईबेचा निष्कर्ष उचलून येवल्यात लावणंही चूक. ईबेचं नाव सर्वांना माहीत होतं; लहान दुकानाच्या नावावर शेजारचा प्रतिस्पर्धी जाहिरात लावून बसला असेल तर ती बंद करणं महागात पडू शकतं. प्रयोगालाही मर्यादा आहे. पंधरवड्याला सरासरी शंभर ऑर्डरी येणाऱ्या दुकानात एखाद्या पंधरवड्यात 85 किंवा 115 निव्वळ योगायोगाने येतात. तेवढ्या चढउतारातून जाहिरातीचा परिणाम वेगळा काढायचा तर परिणाम मोठा हवा किंवा प्रयोग लांबलचक. ‘दोन आठवडे बंद करून पाहिलं, फरक नाही पडला’ हे वाक्यही एक प्रकारे सोयीच्या तारखांचंच.

मग प्रामाणिक रिपोर्ट दिसतो कसा? बराच कंटाळवाणा. त्यातली मुख्य तुलना काम सुरू होण्याआधीच लेखी ठरलेली असते: कोणता आकडा, कोणत्या काळाशी, सण कसे जुळवायचे. महिना वाईट गेला तरी तीच तुलना पहिल्या पानावर राहते. ऑर्डरींचा आकडा दुकानाच्या वहीतून घेतलेला असतो आणि त्याशेजारी दोन्ही जाहिरात खात्यांचे दावे, बेरीज न जुळणारे, तसेच ठेवलेले असतात. खर्चात एजन्सीचं शुल्क आणि जीएसटी धरलेला असतो. त्या महिन्यात काय बदललं तेही दोन ओळींत येतं: सवलत दिली होती, वेबसाइट तीन दिवस बंद होती, डिलिव्हरी फुकट केली. गुगल अ‍ॅड्समध्ये Change history या पानावर खात्यातला प्रत्येक फेरफार तारखेसह नोंदलेला असतो. महिनाभरात तिथे काहीच नोंद नसेल, तर शुल्क कशाचं, हा साधा प्रश्न आहे.

आणि जाहिरातीचं खातं दुकानाच्या नावावर हवं, एजन्सीला त्यात प्रवेश दिलेला असावा, उलटं नको. गुगलच्या स्वतःच्या नियमांनुसार जाहिराती सांभाळणाऱ्या मध्यस्थाने ग्राहकाला खर्च, क्लिक आणि इंप्रेशन हे खात्याचे आकडे निदान महिन्यातून एकदा दिलेच पाहिजेत आणि वेगळं शुल्क आकारत असेल तर ते आधी सांगितलं पाहिजे. ‘ते आमचं अंतर्गत आहे’ हे उत्तर त्यामुळे चालत नाही.

मालकांचाही यात वाटा आहे, तो सांगितलाच पाहिजे. दर महिन्याला हिरवा बाण मागणाऱ्याला दर महिन्याला हिरवा बाणच मिळतो. ज्या एजन्सीने ‘या महिन्यात पडलो, कारण हे’ असं लिहिलं तिचं काम काढून घेतलं गेलं, हे बाजारात लगेच कळतं आणि बाकीच्या एजन्सी तेवढ्यावरून शहाण्या होतात.

2025 मध्ये लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं. 2026 मध्ये मधे अधिक ज्येष्ठ, त्यामुळे घटस्थापना 11 ऑक्टोबरला, त्याआधीचे दहा दिवस पितृपक्षाचे आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. नोव्हेंबर 2026 च्या रिपोर्टमध्ये गेल्या नोव्हेंबरपेक्षा झालेली वाढ ठळक अक्षरांत छापून येईल, तेव्हा कालनिर्णय भिंतीवरून काढून टेबलावर ठेवावं.